फोटो द्या, पण कडेसकट : मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक
(शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नांदेड-लातूर भागात शंभरीला आलेल्या ज्या शाळेला हे पत्र आपले वाटेल, तिने ते आपले समजावे.)

विषय : शताब्दी माहितीपटासाठी जुने फोटो, कॅसेट व चित्रफिती मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरचे माझे पूर्वीचे अर्ज. आवक नोंदवहीत सापडतील.

महोदय,

सा. न. वि. वि.

शाळेच्या शताब्दीचा माहितीपट करायचे समितीने ठरवले आणि माजी विद्यार्थिनी म्हणून ते काम माझ्याकडे दिले, याचा मला आनंद आहे. पण चित्रपट हवेत तयार होत नाही. त्यासाठी मी आपल्या कार्यालयाकडे जुने फोटो आणि ध्वनिफिती मागितल्या. उत्तर म्हणून माझ्या मोबाइलवर काही फोटो आले, सोबत ‘एवढेच आहेत मॅडम’ असा निरोप आला आणि विषय संपला. लातूरला, उदगीरला, नांदेडच्या जुन्या भागातही मला थोड्याफार फरकाने हाच अनुभव आला आहे. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता उघड लिहिते आहे. तुमच्यावर राग नाही. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी बदलून आलात की सहा वर्षांपूर्वी, हा सवालच नाही. ज्या कपाटाची किल्ली आज तुमच्याकडे आहे ते तुमच्या आधीच्या सगळ्यांनी भरले किंवा रिकामे केले आहे.

आधी त्या मोबाइलवरच्या फोटोंबद्दल. भिंतीवर टांगलेल्या फ्रेमसमोर उभे राहून लिपिकांनी ते टिपले. काचेत ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आहे, तिच्याखाली दुसऱ्या रांगेतली चार डोकी गेली आहेत, आणि कोपऱ्यात मोबाइल धरलेले खुद्द लिपिकसाहेब दिसतात. मग ते व्हॉट्सॲपने आले. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आक्रसतो, लांब बाजूला साधारण १६०० ठिपके उरतात. पडद्यावरची साधी एचडी चौकट १९२० ठिपके रुंद असते. म्हणजे तुमचा फोटो पूर्ण पडदा भरायलाच कमी पडतो, त्यात जवळ जाऊन एखादा चेहरा दाखवणे दूरच.

हिशेब करून दाखवते, कारण ‘क्वालिटी पाहिजे’ एवढे म्हटल्याने कुणाला काही कळत नाही. जुना वर्गफोटो साधारण दहा इंच रुंद असतो. त्यात पन्नास माणसे बसली-उभी असली की एकेक चेहरा पाव इंचाचा होतो. फ्रेमबाहेर काढून तोच फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयने घेतला, तर रुंदीला ६००० ठिपके मिळतात आणि प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला दीडशे येतात. एवढ्यात डोळे, टोपीची घडी, कपाळावरचे गंध दिसते. फोटोच्या एक तृतीयांश भागापर्यंत कॅमेरा आत नेला तरी चित्र फाटत नाही. मोबाइलवरून आलेल्या फोटोत त्याच चेहऱ्याला चाळीस ठिपके मिळतात, आणि भिंतीचा भाग चौकटीत आला असेल तर तेवढेही नाहीत. चाळीस ठिपक्यांत माणूस ओळखू येत नाही, माणूस आहे एवढेच कळते.

पण ठिपक्यांपेक्षाही मोठे नुकसान वेगळे आहे, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. शाळा फोटो सांभाळतात आणि फोटोची कड फेकून देतात.

जुना समूहफोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असायचा. पुठ्ठ्याच्या खालच्या पट्टीवर नावे, वर शाळेचे नाव, कोपऱ्यात स्टुडिओचा उठावदार शिक्का, मागे कुणाच्या तरी हातची तारीख. शाळेची रंगरंगोटी निघते, फोटो फ्रेमवाल्याकडे जातात. पुठ्ठ्याला वाळवी लागलेली असते, नवी फ्रेम आठ बाय दहाची असते, आणि खालची ओळ उर्दूत असते, जी आता कार्यालयात कुणाला वाचता येत नाही. फ्रेमवाला कटर फिरवतो. फोटो सुबक दिसतो. त्यातली माणसे मात्र त्या दिवसापासून निनावी होतात. तुमच्या कार्यालयातल्या आणि शिक्षककक्षातल्या बहुतेक फ्रेमांचे हेच झाले आहे. फोटोच्या चारही बाजू सुरीने कापल्यासारख्या सरळ आहेत आणि पुठ्ठ्याचा मागमूस नाही, यावरून ते कळते.

एक फोटो मात्र वाचला. तो प्रयोगशाळेच्या कपाटामागे उभा ठेवलेला होता, म्हणूनच वाचला. त्याची हकीगत सविस्तर सांगते, कारण त्याच्यावरून समितीत वाद झाला आणि अजून मिटलेला नाही.

फोटोत शिक्षक खुर्च्यांवर, मुले मागे आणि पुढे जमिनीवर. मागच्या बाजूला कापडी कमान. पुठ्ठ्यावर उर्दूत दोन ओळी आणि सन १३४६. समितीतल्या एका सदस्यांनी मोबाइलवर ‘१३४६ हिजरी’ टाकून पाहिले. उत्तर आले १९२७-२८. सगळे हरखले. शाळा १९२७ची, शताब्दी २०२७ला, आणि हा पहिल्या वर्षाचा फोटो! स्मरणिकेचे मुखपृष्ठ तिथल्या तिथे ठरले.

सर, तो आकडा हिजरी नाही. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सनाने चालायचा. शाळेच्या नोंदी, पगारपत्रके, मुन्तखब, सारे फसलीत. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू होई. फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे १३५७ फसली सुरू झाले ते ऑक्टोबर १९४७मध्ये, आणि पोलीस कारवाई झाली ती त्याच सालाच्या अखेरीस, सप्टेंबर १९४८ला. याच हिशेबाने १३४६ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३६ ते सप्टेंबर १९३७. हिजरी धरले तर नऊ वर्षांचा फरक पडतो.

मग हिजरी की फसली हे ओळखायचे कसे? पुठ्ठ्याच्या कडेवर ते लिहिलेलेच असते. आकड्याशेजारी ‘फे’ हे अक्षर असेल तर फसली, ‘दोचश्मी हे’ असेल तर हिजरी, ‘ऐन’ असेल तर ईसवी. अक्षर पुसले असेल तर महिना पाहायचा. मोहरम, सफर, रज्जब, शाबान ही नावे हिजरीची. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबिहिश्त ही फसलीची. आपल्या फोटोवर अक्षर अर्धे किडीने खाल्ले आहे, पण महिना स्वच्छ वाचता येतो : फरवर्दी. तो फसलीतला पाचवा महिना, म्हणजे फेब्रुवारी-मार्च १९३७. आणि मागच्या कमानीवरच्या कापडावर अस्पष्ट दिसणारा शब्द नांदेडच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी भिंगातून वाचला : जुबिली. मीर उस्मान अली खान १९११मध्ये गादीवर आले, आणि त्यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचा समारंभ फेब्रुवारी १९३७मध्ये झाला. महिना आणि कमान एकमेकांना दुजोरा देतात. यापेक्षा पक्का पुरावा शाळेच्या फोटोत क्वचित मिळतो.

हे मी समितीला सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, ‘कोण बघतंय एवढं? १९२७ छापून टाका.’ मला ते पटत नाही. शाळा १९२७ची आहे याला प्रवेश रजिस्टरचा वेगळा आधार आहे. फोटो १९३७चा निघाल्याने शाळा दहा वर्षांनी लहान होत नाही. उलट १९३७चा फोटो अधिक बोलका आहे. निजामाच्या समारंभासाठी ज्यांना कमानीपुढे बसवले, त्याच वयाच्या मुलांनी पुढच्याच वर्षी, १९३८च्या अखेरीस, औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणून शिक्षा ओढवून घेतली, आणि उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्यांना शिकायला नागपूर गाठावे लागले. चित्रपटात ही दोन दृश्ये शेजारी ठेवता आली तर शाळेचा काळ उभा राहतो. त्यासाठी तारीख खरी असावी लागते. म्हणून माझी लेखी विनंती आहे की तो फोटो १९२७चा म्हणून कुठेही छापू नये.

त्या दोन उर्दू ओळींत आणखी एक गोष्ट होती. खुर्च्यांवरच्या शिक्षकांची नावे. त्यातली काही मुस्लिम शिक्षकांची आहेत, आणि शाळेच्या मराठी फलकावर, जिथे आजवरच्या शिक्षकांची यादी रंगवली आहे, तिथे ती नाहीत. हा दोष कुणा एकाला देण्यात अर्थ नाही. फलक रंगवला तेव्हा यादी करणाऱ्यांसमोर मराठी कागदच होते. पण आता वाचले आहे, तर ती नावे फलकावर यावीत. माहितीपटात तर ती येणारच.

फोटोमागचे शिक्केही असेच बोलतात, म्हणून मागची बाजू मला हवीच. शिक्क्यावर ‘मुंबई राज्य’ असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६च्या आधीचा नाही. ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर १ मे १९६०च्या आधीचा नाही. लातूरकडच्या शाळांत ‘जि. उस्मानाबाद’ असा शिक्का सापडतो, कारण लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२मध्ये वेगळा झाला. इथे एक सावधगिरी लागते. नवा शिक्का खालची मर्यादा पक्की करतो, जुना शिक्का वरची मर्यादा पक्की करत नाही. कार्यालयात रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘जि. उस्मानाबाद’ शिक्क्याचे १९८४चे दाखले मी पाहिले आहेत.

आणि कागद. काळसर भागात, विशेषतः कडेला, तिरके धरल्यावर निळसर चांदीची झाक दिसली तर तो जुना, चांदीच्या क्षारांचा मूळ फोटो असण्याची शक्यता मोठी. उलट कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत, न वळणारा असेल तर तो सत्तरीनंतर जुन्या फोटोवरून काढलेली नक्कल समजावी, मग त्यात कितीही जुनी माणसे असोत. नक्कल सापडली म्हणजे मूळही कुठेतरी होते. अशा वेळी संस्थापकांच्या घरी, जुन्या अध्यक्षांच्या वाड्यात विचारायचे असते. हे काम मी करीन. तुम्ही फक्त शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र द्या, कारण पत्राशिवाय वाड्याचे दार उघडत नाही.

आता जे करू नये ते. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. पावसाळ्यात भिंत झिरपते, फोटोवरचा जिलेटीनचा थर ओलसर होऊन काचेला धरतो. ओढला की चेहरे काचेवर राहतात आणि कोरा कागद हातात येतो. तो काचेसकट तसाच ठेवा, दोन बाजूंनी तिरका उजेड देऊन मी कॅमेऱ्याने घेईन. लॅमिनेशन करू नका. समितीतल्या उत्साही मंडळींनी काही फोटो लॅमिनेट करून आणले आहेत. ते प्लॅस्टिक आता फोटोला इजा केल्याशिवाय निघणार नाही. मागे बॉलपेनने नाव लिहू नका, दाब पुढे उमटतो आणि शाई झिरपते. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा.

फोटोंचे इतके झाले. आवाजाचे दुखणे वेगळे आहे, कारण कॅसेट बघून तिच्यात काय आहे हे कळत नाही, आणि न कळणारी वस्तू शाळेत डेड स्टॉक होते. ‘कॅसेट नग अमुक, निरुपयोगी’ असा शेरा, निर्लेखनाचा ठराव, मग भंगारवाला. आपल्याकडे हे अर्धे झाले आहे. राहिलेला एक खोका संगीत शिक्षकांनी स्वतःच्या कपाटात ठेवला होता, आणि त्याबद्दल शाळेने त्यांचे जाहीर आभार मानायला हवेत.

त्या खोक्यातल्या बऱ्याच कॅसेटांवर चित्रपटगीतांची नावे लिहिली आहेत. कार्यालयाने म्हणून त्या बाजूला काढल्या. माझी विनंती : एकही टाकू नका. आपल्याकडे कोरी कॅसेट महाग वाटायची, म्हणून गॅदरिंगच्या कॅसेटवर पुढच्या वर्षी नाचाची गाणी भरली जायची. पण गाणी वीस मिनिटांत संपतात आणि कॅसेटची एक बाजू तीस किंवा पंचेचाळीस मिनिटांची असते. गाणी संपल्यावर खट् असा आवाज येतो आणि त्याखाली झाकले न गेलेले जुने ध्वनिमुद्रण सुरू होते. त्यातल्या एका कॅसेटमध्ये लेझीमच्या गाण्यानंतर असाच सकाळचा परिपाठ निघाला : प्रार्थना, मग एक शिक्षक गैरहजर मुलांची नावे घेतात, मागून कुणीतरी हसते. कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय तिच्यात काय आहे हे ठरवता येत नाही.

ऐकायची मात्र कुठल्याही टेपवर नाही. मंडपवाल्याकडे टेपरेकॉर्डर आहे, त्याच्यावर लावून समोर मोबाइल धरू, असे मला सुचवले गेले. कृपया नको. तीस-चाळीस वर्षांच्या कॅसेटमध्ये फितीला मागून दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडलेला असतो. मग आवाज दबतो, मधेच जातो, आणि लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. फीत चांगली असते, तुकडा गेलेला असतो. कवच उघडून फीत दुसऱ्या कवचात घातली की आवाज परत येतो. दुसरा बिघाड यंत्राच्या हेडचा. ज्या टेपवर ध्वनिमुद्रण केले तिचे हेड किंचित तिरके असेल, तर सरळ हेडवर तो आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवत, स-श ही अक्षरे टोकदार होईपर्यंत कोन जुळवावा लागतो, आणि प्रत्येक कॅसेटला नव्याने. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. मग टेपच्या लाइन-आउटमधून थेट संगणकात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. खरखर काढायची नाही. ती नंतर हवी तेवढी कमी करता येते. आधीच कुणी ‘साफ’ करून दिलेल्या आवाजातून गेलेली अक्षरे परत आणता येत नाहीत.

आज, हे पत्र वाचून झाल्यावर, एक गोष्ट तेवढी करा. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चौकोनी जिभा असतात. त्या पेनाच्या टोकाने मोडून टाका. मग त्या कॅसेटवर चुकूनही दुसरे काही भरले जाणार नाही.

मला या कॅसेटांत नेमके काय हवे, तेही सांगते. पाहुण्यांची भाषणे. सत्तर-ऐंशीच्या दशकात या भागातल्या स्नेहसंमेलनांना कोण कोण येऊन गेले याची आठवण करा. नरहर कुरुंदकर १९८२ला गेले; त्याआधी ते नांदेडला प्रतिभा निकेतनमध्ये शिक्षक आणि पुढे पीपल्स कॉलेजात प्राचार्य होते, आणि भाषणासाठी गावोगाव फिरत. अशा वक्त्याचे एखादे शाळकरी भाषण कुठल्या खोक्यात निघेल सांगता येत नाही. पण खरे सांगायचे तर मला भाषणांपेक्षा परिपाठ, घंटा, पाढे, वर्गाचा गलका यांची भूक अधिक आहे. भाषणे कुणीतरी छापलेली असतात. घंटेचा आवाज छापलेला नसतो. परभणी आकाशवाणीवर शाळेचे समूहगीत लागले तेव्हा रेडिओवरून ते कुणी घरी टेप केले असेल, तर माजी विद्यार्थ्यांनी तेही कळवावे.

चित्रफितींबद्दल थोडक्यात. त्या व्हीएचएस आहेत, आणि त्यातली एक ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर शाळेची मुले किल्लारीकडे मदतीला गेली तेव्हाची आहे असे लेबल सांगते. ती फीत माझ्या मते या सगळ्या संग्रहातली सर्वांत मोलाची, आणि सर्वांत धोक्यात असलेली. खिडकीतून पाहिले तर रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी. तशी फीत व्हीसीआरमध्ये घातली तर फीत तर खरवडतेच, हेडही भरते आणि पुढच्या चांगल्या फितींनाही लागण होते. आधी कोरडी स्वच्छता, मगच यंत्र. चालू व्हीसीआर मिळणे आता अवघड झाले आहे. जगातली शेवटची व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनी २०१६मध्ये थांबली. म्हणून ही फीत मी पुण्या-मुंबईच्या जाणकार प्रयोगशाळेत नेऊ इच्छिते, तुमच्या एका शिक्षकांसह आणि पोचपावतीवर. आणि ती चित्रपटात घेताना चार-बाय-तीनच्या मूळ आकारातच दिसेल. पडदा भरावा म्हणून तिला आडवे ताणून माणसे बुटकी-जाडी करणार नाही, समितीने कितीही आग्रह केला तरी.

तुमची भीती मला माहीत आहे. ‘फोटो बाहेर गेले की परत येत नाहीत.’ बरोबर आहे. पंचाहत्तरीच्या स्मरणिकेसाठी नेलेले परत आले नाहीत, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी फोटो नेणारच नाही. स्कॅनर मी घेऊन येईन. एक स्वच्छ टेबल, एक खोली, आणि कपाट उघडून बसायला एक शिपाई मामा एवढे द्या. पुढची बाजू, मागची बाजू, पुठ्ठा पूर्ण, असे तिन्ही घेऊन फोटो जागच्या जागी ठेवीन. मूळ टिफ फाइलींची एक प्रत शाळेकडे, एक संस्थेकडे, आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात.

हक्काचा प्रश्न समितीच्या वकिलांनी काढला, तो रास्त आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, आणि वेगळा करार नसेल, तर हक्क फोटो काढवून घेणाऱ्याचा. म्हणजे शाळेने पैसे दिलेले वर्गफोटो शाळेचे. छायाचित्रकाराने स्वतःहून काढून मुलांना प्रती विकल्या असतील तर तो हक्क त्याचा. आणि छायाचित्राची मुदत २०१२च्या दुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे होती; आता ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे आहे, पण आधीच संपलेली मुदत त्याने पुन्हा सुरू झाली नाही. तेव्हा १९३७च्या फोटोची काळजी नको. नंतरच्या फोटोंसाठी जुन्या कीर्द-खतावणीत स्टुडिओला दिलेल्या बिलाची नोंद शोधा. ती सापडली की प्रश्न मिटला.

नावे पडताळण्यासाठी मला प्रवेश रजिस्टर लागेल. तिथे एक अट मी स्वतःवर घालून घेते. त्या रजिस्टरात जातीचा रकाना आहे. रजिस्टरचे पान कॅमेऱ्यापुढे कधीही उघडे धरणार नाही. फक्त नाव आणि वर्ष जुळवायचे, आणि तेही तुमच्या लिपिकांनी वाचून दाखवायचे. चित्रपटातून कुणाच्या आजोबांची जात शोधून काढली जावी असे मला वाटत नाही.

आणि एक मागणी, जी समितीला किरकोळ वाटली. जवळजवळ प्रत्येक समूहफोटोत डाव्या किंवा उजव्या टोकाला, रांगेपासून हातभर दूर, एकदोन माणसे उभी आहेत. पुठ्ठ्यावर त्यांच्यासाठी ‘सेवक’ एवढेच लिहिले आहे. स्मरणिकेसाठी फोटो कापताना सर्वांत आधी तीच कापली गेली. त्यांची नावे पगारपत्रकांत नक्की असणार. १९४८च्या आधीची पत्रके उर्दूत, नंतरची मराठीत; दोन्ही गठ्ठे अडगळीच्या खोलीत आहेत, मी कापडी गाठोड्यावर ‘पगार’ लिहिलेले पाहिले आहे. ते गठ्ठे निर्लेखनात घालू नका. ते मला द्या, मी नांदेडच्या त्या उर्दू शिक्षकांकडून वाचून घेईन.

तेव्हा सर, आता तुमच्याकडून हवे आहे ते इतकेच. कपाट, प्रयोगशाळेची मागची बाजू आणि अडगळीची खोली उघडण्याची लेखी परवानगी. शताब्दी संपेपर्यंत फोटो, कॅसेट आणि जुन्या कागदांच्या निर्लेखनाला स्थगिती, तीही ठरावाने, तोंडी नको. फ्रेमवाल्याकडे गेलेले फोटो असतील तर आजच परत मागवणे, आणि पुठ्ठे कापले असतील तर त्याच्या दुकानातले कापलेले तुकडेसुद्धा आणणे. तो ते लगेच फेकत नाही. आणि सुट्टीतला एक दिवस, ज्या दिवशी सत्तरीपुढचे माजी विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक शाळेत बसतील, आम्ही फोटो भिंतीवर मोठे करून दाखवू आणि एकेक चेहऱ्याला नाव लावू. यातले काही जण पुढच्या वर्षी नसतील. हे वाक्य भावनेने लिहिलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात ज्यांना भेटायचे ठरले होते त्यातले एक सर दिवाळीपूर्वीच गेले, आणि १९५२च्या फोटोतली मागची रांग त्यांच्याशिवाय ओळखणारा कुणी मला अजून सापडलेला नाही.

उत्तर लेखी द्यावे. नकार असला तरी लेखी द्यावा, म्हणजे तो समितीपुढे ठेवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
शाळेची एक माजी विद्यार्थिनी
(शताब्दी माहितीपटाची दिग्दर्शक)

प्रत माहितीसाठी : मा. अध्यक्ष, शताब्दी महोत्सव समिती. संगीत शिक्षक, ज्यांच्या कपाटात खोका आहे.